शरीराची मध्यरात्र किती वाजता असते?

गोव्यात फोंड्याला माझ्या बहिणीच्या दारात सकाळी पावणेसातच्या सुमारास पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो. बहीण पिशवी घेऊन फाटकाशी जाते, चार पोई आणि दोन उंडे घेते आणि परत येताना एका बंद दारावर थाप मारते. दारामागे तिची मुलगी झोपलेली असते. वय तेवीस, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू. गेल्या जुलैत मी काही दिवस त्यांच्याकडे होतो, तेव्हा हे रोज पाहिले. थाप, आतून "उठते गं" आणि मग साडेनऊपर्यंत सामसूम.

बहिणीच्या मते हा शुद्ध आळस होता. भाचीचे म्हणणे वेगळे होते. "मामा, मी अकराला दिवा बंद करून पडून बघितलंय. दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. सकाळी उठवलं की डोकं जड आणि घास नुसता तोंडात फिरतो. आणि रात्री बाराला एवढी भूक लागते की मी फरसाणाचे डबे शोधत बसते."

मी हायर सेकंडरीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझा कान या तीन तक्रारींच्या वेळांकडे गेला. झोप उशिरा येते, सकाळी भूक नाही, मध्यरात्री भूक आहे. या तीन वेगळ्या तक्रारी नव्हत्या. तिच्या शरीराचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या जवळजवळ तीन तास मागे चालले होते. बाकी सगळे त्यातून आपोआप येत होते.

शरीराचे घड्याळ हे नुसते बोलायचे शब्द नाहीत, ती खरोखरची जागा आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकांना ओलांडतात, तिथेच वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याहून लहान असे पेशींचे दोन पुंजके आहेत. दोन्ही मिळून साधारण वीस हजार पेशी. त्या बाहेरून कोणी काही न सांगताही सुमारे चोवीस तासांचा ताल धरतात. ताल आतलाच असतो, याचा पहिला पुरावा लाजाळूने दिला, तीच आपल्याकडे पायवाटेच्या कडेला उगवणारी लाजाळू. तिची पाने दिवसा उघडतात, रात्री मिटतात. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले आणि अंधारातही पाने आपापल्या वेळी उघडत-मिटत राहिली. पेशींमध्ये हा ताल कसा चालतो, हे पुढे फळमाश्यांवर काम करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले.

माणसाच्या बाबतीत यात एक छोटी गोम आहे. आपले आतले घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा दहा-बारा मिनिटे जास्त घेते. काहींचे त्याहूनही सावकाश चालते. म्हणजे त्याला रोज कोणी थोडे पुढे ओढले नाही, तर ते रोज थोडे मागे पडत जाते. आज दहा मिनिटे, उद्या आणखी दहा. उशिरा झोपायची सवय लागायला काहीच करावे लागत नाही आणि लवकर झोपायची लावायला एवढे कष्ट पडतात, त्याचे एक कारण हे.

घड्याळ रोज ओढणारा मुख्य हात म्हणजे उजेड. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याच्या दोन प्रकारच्या पेशींशिवाय तिसऱ्या प्रकारच्या काही पेशी असतात. त्यांचे काम चित्र पाहणे नव्हे, उजेड किती आहे हे मोजणे आणि ते थेट त्या दोन पुंजक्यांना कळवणे. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देते. या पेशी सावकाश काम करतात, अनेक मिनिटांचा उजेड साठवून हिशेब देतात. म्हणून खिडकीतून एकदा डोकावून भागत नाही.

आणि "उजेड" म्हणजे किती, यात आपले डोळे आपल्याला फार फसवतात. पावसाळ्याच्या एका सकाळी मी भाचीच्या खोलीत मोबाइलवरच्या उजेडमापकाने मोजून पाहिले. घर जुने, मंगळुरी कौलांचे, पावसाचे झोत आत येऊ नयेत म्हणून खिडक्या अर्ध्या ओढलेल्या. अभ्यासाच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली आकडा आला दीडशे लक्सच्या आसपास. ओसरीत आलो तर हजाराच्या पुढे. मग छत्री घेऊन तुळशीपाशी गेलो. आभाळ पूर्ण भरलेले, पावसाची रिपरिप आणि छत्री जरा बाजूला केली की आकडा नऊ हजार. मोबाइलचा मापक काही प्रयोगशाळेतला नाही, दोन फोन दोन आकडे दाखवतील. पण खोली आणि अंगण यांच्यातला पन्नास-साठ पटींचा फरक कुठल्याही फोनवर दिसतो. भाचीने स्वतः दोनदा जाऊन मोजले, कारण तिला खोलीत "चांगला लख्ख उजेड" वाटत होता. दुपारच्या कडक उन्हात हाच आकडा लाखापर्यंत जातो. म्हणजे पावसाळा आहे म्हणून सकाळचा उजेड मिळत नाही ही समजूत चुकीची आहे. घरात बसून राहिल्यामुळे तो मिळत नाही.

इथपर्यंत ऐकून बहिणीने लगेच निर्णय घेतला. "म्हणजे मी सांगत होते तेच. सहाला उठायचं आणि फिरायला जायचं." दुसऱ्या दिवसापासून गजर लागला. भाची मनापासून उठली, आईबरोबर सहा वाजून वीस मिनिटांनी बाहेर पडली, सातपर्यंत फिरली आणि परत आपल्या अंधाऱ्या खोलीत पुस्तक घेऊन बसली. मला तेव्हाच थांबवायला हवे होते, पण दोघींचा उत्साह पाहून मी गप्प बसलो. सहा दिवसांनी फोन आला. ती दिवसभर गळून जात होती, दुपारी तीनला पडली की पाचशिवाय उठत नव्हती आणि रात्री झोप दोनच्या ऐवजी अडीचला येत होती. एवढे करून घड्याळ आणखी मागे गेले होते.

असे का झाले, हा या सगळ्यातला सगळ्यात कमी माहीत असलेला भाग आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. उजेड घड्याळाला नेहमी एकाच दिशेने ढकलत नाही. शरीराचीही एक मध्यरात्र असते. त्या वेळी आतले तापमान दिवसातले सर्वात कमी असते. ही वेळ ढोबळमानाने आपण गजराशिवाय ज्या वेळी जागे होतो त्याच्या दोन-तीन तास आधी येते. या वेळेच्या *नंतर* डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळाला पुढे ओढतो, म्हणजे पुढच्या रात्री झोप लवकर येते. या वेळेच्या *आधी* पडलेला उजेड मेंदूला संध्याकाळ लांबल्यासारखा वाटतो आणि तो घड्याळ आणखी मागे ढकलतो.

सकाळी साडेसहाला जागा होणाऱ्या माणसाची ही वेळ पहाटे चारच्या आसपास असते. त्याला उगवतीचे ऊन केव्हाही फायद्याचेच. भाची मात्र रविवारी कोणी न उठवता दहाला जागी होत होती. म्हणजे तिची मध्यरात्र सकाळी सातच्या आसपास. सहा वीस ते सातचे फिरणे तिच्या शरीराच्या दृष्टीने मध्यरात्रीच्या अलीकडे पडत होते आणि नेमका उपयोगाचा, सातनंतरचा उजेड ती खोलीत बसून घालवत होती. चांगले औषध चुकीच्या वेळी घेतल्यासारखे झाले.

अकराला दिवा बंद करून झोप का येत नाही, याचेही उत्तर यातच आहे. अंधार पडल्यावर शरीरात रात्र झाल्याचा निरोप देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते, पण ते आपल्या नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी. दोनला झोपणाऱ्याचे मेलाटोनिन बाराच्या सुमारास वाढायला लागणार. आणि त्याच्या आधीचे दोन-तीन तास घड्याळ आपल्याला दिवसातले सगळ्यात ताजेतवाने ठेवत असते. भाची नेमकी त्या तासांत डोळे मिटून पडत होती आणि झोप येत नाही म्हणून स्वतःला दोष देत होती.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. पहिले तीन दिवस उठायचे साडेनऊलाच, पण उठल्याबरोबर तोंड धुऊन चहाचा पेला घेऊन बाहेर. पाऊस असेल तर ओसरीच्या कडेला, आभाळ समोर दिसेल अशा जागी, नसेल तर अंगणात. अर्धा तास. सूर्याकडे टक लावून बघायचे नाही, त्याची गरजच नसते. मोकळ्या आभाळाखाली असणे पुरते. भरलेल्या आभाळात पाऊण तास. मग दर तीन दिवसांनी सगळे अर्ध्या तासाने अलीकडे: नऊ, साडेआठ, आठ. घड्याळ एका दिवसात फार सरकत नाही, त्यामुळे याहून घाई केली तर माणूस पुन्हा आपल्या मध्यरात्रीच्या चुकीच्या बाजूला जाऊन पडतो. संध्याकाळची बाजूही सांभाळली. नऊनंतर खोलीतली ट्यूब बंद, टेबलावर पिवळा दिवा, फोनचा उजेड कमी. रात्री दहाची कॉफी सुटली. दुपारची झोप गोव्यात कोणाला सोडायला सांगू नये आणि गरजही नाही, दुपारी थोडी पेंग येणे हे घड्याळाच्या तालातच आहे. फक्त ती अडीचच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटांची हवी. तीन ते पाचची झोप रात्रीसाठी साठलेला थकवा खाऊन टाकते.

पण एवढ्याने अर्धेच काम होते. राहिलेले अर्धे स्वयंपाकघरात होते.

मेंदूतले घड्याळ मुख्य, पण एकटे नाही. यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी, सगळ्यांच्या पेशींत आपापली घड्याळे आहेत. ती मुख्य घड्याळाचे ऐकतात, पण त्यांना उजेड दिसत नाही. त्यांना दिवस उगवल्याचे कळते ते मोठ्या प्रमाणात अन्न आल्यावर. २०१७ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात दहा तरुणांना आधी उठल्यावर अर्ध्या तासात पहिले खाणे दिले, मग सहा दिवस सगळी जेवणे पाच तास उशिरा दिली. त्यांची रक्तातल्या साखरेची रोजची चढउतार साडेपाच तासांहून जास्त मागे गेली. मेलाटोनिनची वेळ मात्र जराही हलली नाही. म्हणजे मेंदूत एक वाजला होता आणि पोटात वेगळाच. उजेडाने मेंदूचे घड्याळ लावायचे आणि जेवणाने पोटाचे. एकाच्या हाताने दुसरे पुरते लागत नाही.

भाचीचे पहिले खाणे साडेबाराला होत होते, रात्रीचे साडेदहाला आणि फरसाण बाराला. तिला सकाळी भूक नसणे हे मात्र आजाराचे लक्षण नव्हते. भुकेलाही दिवसाचा ताल असतो. सगळ्यांचीच भूक शरीराच्या सकाळी आठच्या सुमारास कमीत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वात जास्त असते. रात्रभर उपाशी राहूनही सकाळी आपण कासावीस होत नाही ते यामुळेच. तिचे घड्याळ तीन तास मागे, म्हणून भुकेचे शिखर अकराच्या पुढे. त्या वेळी पोटभर खाल्ले की यकृताला वाटते अजून दिवस आहे, मग सकाळी भूक आणखी उशिरा आणि हे चक्र चालूच राहते.

उशिरा खाण्याचे स्वतःचेही तोटे आहेत. रात्री मेलाटोनिन चढलेले असताना स्वादुपिंड इन्सुलिन सोडण्यात हात आखडता घेते, त्यामुळे तेच शीत आणि तीच कडी आठला जेवलो तर साखर जेवढी चढते त्याहून अकराला जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. २०२२ साली अमेरिकेत सोळा वजनदार व्यक्तींना तेवढेच आणि तेच अन्न एकदा वेळेवर आणि एकदा सुमारे चार तास उशिरा दिले गेले. उशिराच्या फेरीत त्यांना दिवसभर जास्त भूक लागली, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन जागेपणी कमी झाले आणि शरीराने ऊर्जाही कमी वापरली. उष्मांक तेवढेच, फरक फक्त वेळेचा. "मला भुकेवर ताबाच नाही" असे म्हणणाऱ्या माणसाला आधी जेवणाची वेळ विचारावी, असे मला यावरून वाटते.

म्हणून सकाळच्या उजेडानंतर तासाभरात काहीतरी खायचेच असे ठरले. पहिल्या आठवड्यात ते अर्धी पोई आणि एक उकडलेले अंडे एवढेच होते, कारण घास जात नव्हता. जबरदस्ती केली नाही. थोडे खाल्ले तरी पोटाच्या घड्याळाला दिवसाची चाहूल लागते. दुसऱ्या आठवड्यात पातळभाजी आणि दोन उंड्यांवर गाडी आली. दुपारचे जेवण एकला. रात्रीच्या जेवणात मात्र खरा पेच पडला. भावोजी दुकान बंद करून साडेनऊला येतात आणि घरात सगळे एकत्र जेवतात, वर्षानुवर्षे. ते मोडायला कोणालाच नको होते. शेवटी असे ठरले की भाचीने आठला जेवायचे आणि बाबा आले की वाटीभर सोलकढी घेऊन त्यांच्या ताटासमोर बसायचे. पहिले दोन दिवस भावोजींना ते पाहुण्यासारखे वाटले, पुढे काही वाटेनासे झाले. तेही आता दुपारी जरा जास्त आणि रात्री जरा कमी जेवतात, ते मात्र कोणी न सांगता.

खूण कशावरून ओळखायची? भाचीच्या वहीत मी तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या: दिवा बंद केल्यावर झोप अंदाजे किती वेळात आली, सकाळी पहिल्यांदा भूक कधी जाणवली आणि दुपारी चारला डोके कसे आहे. सर्वात आधी हलली ती भूक, आठव्या-नवव्या दिवशीच. सकाळी पोटात कालवल्यासारखे झाले, असे तिने लिहिले आहे. झोप त्याच्या मागून आली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती साडेअकराला झोपत होती आणि सातला, गजराच्या थोडी आधीच, जागी होत होती. चारची मरगळ सगळ्यात शेवटी गेली आणि पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही.

ऑगस्टअखेर बाराला भूक लागणेही थांबले होते आणि मग गणपतीची चवथ आली. पाच दिवस आरत्या, घुमटवादन, रात्री साडेअकराला पंगत, सकाळी उशीर. विसर्जनानंतर पहिल्या रात्री झोप एकला आली. पण या वेळी तिला काय करायचे ते माहीत होते: आपोआप जाग आली त्या वेळी थेट अंगणात, मग खाणे, आणि रात्रीचे जेवण पुन्हा आठला. चौथ्या दिवशी गाडी रुळावर. पाच दिवसांची उशिरा जाग एवढ्यात निघते. दर शनिवार-रविवारी तीन तास जास्त झोपणाऱ्याचे मात्र निघत नाही, कारण त्याची दर सोमवारची सकाळ परगावच्या वेळेत उगवते.

हे सगळे कोणाला जसेच्या तसे लागू नाही, तेही सांगायला हवे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते. ज्यांना उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, त्यांनी उजेडाचे प्रयोगही विचारूनच करावेत. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडची गडबड यांचा थकवा वेगळा. लवकर झोप लागूनही आणि सात-आठ तास झोपूनही माणूस गळालेला असेल तर घड्याळाकडे बोट न दाखवता तपासण्या कराव्यात. वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना तर सकाळी घरी येताना हाच उजेड नकोसा असतो, त्यांचे गणित पूर्ण निराळे.

आता थंडी जवळ येते आहे, म्हणून भाचीसाठी वहीत आणखी एक ओळ लिहून दिली आहे. आपले घड्याळ चालते साडेब्याऐंशी रेखांशावर आणि गोवा आहे चौऱ्याहत्तरच्या जरा अलीकडे. म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे पस्तीस मिनिटे उशिरा उगवतो. जूनमध्ये सहाला उजाडते, त्यामुळे हे जाणवत नाही. जानेवारीत मात्र सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो आणि पावणेसातचा पोदेर संधिप्रकाशात येतो. त्या दिवसांत तिने सातला उठायला हरकत नाही, पण अंगणातला अर्धा तास साडेसात ते आठ असा धरायचा. सातला उठून खोलीत वाचत बसायचे असेल तर टेबल खिडकीला लावून पडदा पूर्ण उघडा ठेवायचा आणि साडेसात वाजले की पुस्तक उचलून बाहेर यायचे.